वर्धापनदिनी कोणती पानं वाचायची?



हा पाठ घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा, अशी विनंती. मुलांनाही बसवून घ्या.

वर्धापनदिन आला की आपण पहिल्या दिवसांची आठवण काढतो. किती थोडी माणसं होती, जागा नव्हती, लोक हसायचे, तरी कार्य उभं राहिलं. हे सांगायलाच हवं. पण एवढंच सांगितलं तर मुलांना वाटतं की कष्ट करायचे ते वडीलधाऱ्यांनी करून ठेवले, आपण आता फक्त हार घालायचा. म्हणून आज एका जुन्या उपासक मंडळाची गोष्ट पाहू. मुंबईचा प्रार्थना समाज ३१ मार्च १८६७ रोजी स्थापन झाला. त्याची खरी सुरुवात मात्र त्याआधीच्या एका अपयशात आहे.

लपवलेली वही

१८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा नावाचं मंडळ सुरू झालं. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे त्याचे एक प्रमुख. ईश्वर एक आणि माणसांत जातिभेद नाही, ही त्यांची धारणा. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. आज आपण पाव चहात बुडवून खातो, त्यामुळे यात काय मोठं, असं मुलं विचारतील. त्या काळी हे बाहेर कळलं तर वाळीत टाकत. मुलीचं लग्न अडे, आईसुद्धा मुलाच्या पंगतीला बसत नसे. आपल्या बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी तरुणपणी याच मंडळींत वावरले आणि पुढे १८५४ मध्ये त्यांनी उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

या भीतीमुळे सभेचं सगळं काम गुप्त चाले. आधी बळ वाढू द्या, मग उघड बोलू, असा विचार होता. ती वेळ आलीच नाही. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. म्हणजे विरोधकांनी येऊन काही पाडलं नाही. कोण कोण आहे हे लोकांना कळलं, एवढंच सभा संपायला पुरलं.

त्या माणसांना भित्रे म्हणण्याची घाई आपण करू नये. त्यांनी पाव खाल्ला होता हे खरं आहे. पण जे सत्य फक्त बंद दाराआड पाळलं जातं, ते पुढच्या पिढीच्या हाती कसं द्यायचं? मुलांना तर ते दिसलेलंच नसतं.

दार उघडलं, पण अर्धं

सात वर्षांनी दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग पुढे आले आणि प्रार्थना समाज सुरू झाला. या वेळी काही लपवलं नाही. प्रार्थना उघड, मराठीतून, आपल्या संतांच्या अभंगांसह. १८७३ मध्ये सुबोध पत्रिका निघाली, १८७४ मध्ये गिरगावात मंदिर झालं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसं आली.

मात्र आधीच्या अनुभवाने मंडळी सावध झाली होती. जात मोडलीच पाहिजे, घरची मूर्तिपूजा सोडलीच पाहिजे, अशी अट सभासदांवर ठेवली नाही. त्यामुळे समाज टिकला. आणि त्यामुळेच मंदिरात एक आणि घरात दुसरं, असं जगायला जागाही राहिली.

याचं सर्वांत कठीण उदाहरण रानड्यांचं आहे. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. आता ते विधवेशीच विवाह करतील, असं अनेकांना वाटलं. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. त्याच समाजातल्या भांडारकरांवर पुढे कसोटीची वेळ आली, तेव्हा त्यांनी १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला आणि लोकांचा रोष पत्करला.

यावरून रानडे लहान आणि भांडारकर मोठे, असा हिशेब मांडू नका. रानड्यांनी त्या मुलीला शिकवलं. त्याच रमाबाई रानडे. पुढे पुण्याच्या सेवासदनातून त्यांनी कितीतरी स्त्रियांच्या शिक्षणाचं काम केलं. लग्नाचा तो प्रसंगही त्यांनी आपल्या आठवणींत न लपवता लिहिला. रानड्यांवर निष्ठा होती म्हणून त्यांनी ते पान फाडलं नाही. जे काम अपुरं राहिलं होतं ते मात्र पुढे नेलं.

पुढची पिढी कुठून आली?

आता मुख्य गोष्ट. समाजाचं काम नव्या वाटेवर नेणारा माणूस संस्थापकांच्या घरातून आला नाही. विठ्ठल रामजी शिंदे जमखंडीचे, मराठा कुटुंबातले. म्हणजे आजच्या कर्नाटकातले, आपल्या सीमाभागाकडचे. त्यांच्या शिक्षणाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मदत केली. ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास करून १९०३ मध्ये ते परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

त्यांना समाजाच्या श्रद्धेत खोट दिसली नाही. त्यांनी प्रश्न विचारला तो असा : ईश्वर सर्वांचा पिता आहे असं आपण दर रविवारी म्हणतो, मग ज्यांना गावात पाणीही मिळत नाही ती त्याची लेकरं आपल्यात कुठे आहेत? हा प्रश्न घेऊन ते वस्त्यांमध्ये गेले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी मिशन सुरू केलं. मुलांच्या शाळा काढल्या, वसतिगृहं काढली. घरची माणसंही या कामात उतरली. समाजाचे ज्येष्ठ नारायणराव चंदावरकर मिशनचे अध्यक्ष झाले. वडीलधाऱ्यांनी आपलं नाव आणि वजन तरुणाच्या पाठीशी उभं केलं.

शेवट गोड करून सांगायला नको. मतभेद झाले आणि १९१० मध्ये शिंदे प्रचारकपदावरून दूर झाले. त्यांची उपासना सुटली नाही आणि कामही सुटलं नाही. पण ज्या समाजाचं तत्त्व त्यांनी इतकं मनावर घेतलं, त्या समाजाला त्यांना जवळ ठेवता आलं नाही.

मग निष्ठा म्हणजे काय?

परमहंस सभेने जे लपून केलं, ते प्रार्थना समाजाने उघड केलं. समाजाने जे मंदिरात म्हटलं, ते शिंद्यांनी वस्तीत नेलं. वरवर पाहिलं तर प्रत्येक पिढीने आधीच्यांची रीत मोडली. नीट पाहिलं तर आधीच्यांनी जे मानलं पण ज्याची पूर्ण किंमत मोजायला ते धजले नाहीत, ती किंमत पुढच्यांनी मोजली. मुलगा सभेला येतो की नाही एवढंच आपण मोजत राहिलो, तर एखाद्या मंडळातले शिंदे आपल्याला अवज्ञा करणारेच वाटतील.

घरी बसून बोलावं असं

१. आपण बैठकीत म्हणतो पण घरात पाळत नाही, अशी एक गोष्ट कोणती? आधी मोठ्यांनी सांगावं, मग मुलांनी.

२. आपल्या मंडळाच्या इतिहासातला एखादा चुकलेला निर्णय मुलांना माहीत आहे का? नसेल तर या वर्धापनदिनी तो कोण सांगणार?

३. आपल्या बैठकीत नव्याने आलेलं, आपल्या नात्यातलं किंवा जातीतलं नसलेलं कोण आहे? त्यांच्या हाती आपण कोणतं काम दिलं आहे? फक्त चपला सांभाळायचं दिलं असेल, तर तेही मोकळेपणाने बोलावं.