पापणीचं इसब : ट्यूब कोणती लावायची आणि शाम्पूकडे का बघायचं

पापणीला खाज सुटते, ती लाल होते, वर कोंड्यासारखे पापुद्रे धरतात. सकाळी उठल्यावर डोळे सुजल्यासारखे वाटतात आणि चोळून चोळून पापणीची कातडी जाड, सुरकुतलेली दिसायला लागते. हे पापणीचं इसब. वस्तीत याला कुणी गजकर्ण समजतं, कुणी डोळे आले म्हणतं, कुणी उष्णता म्हणतं. गजकर्ण बुरशीमुळे होतं आणि ते एकाचं दुसऱ्याला लागतं. इसब कुणाकडून लागत नाही. त्यामुळे इसब असलेल्या बाईचा टॉवेल वेगळा ठेवा, मुलांना तिच्याजवळ जाऊ देऊ नका, असले प्रकार घरात करू नयेत.

आपल्या अंगावरची सगळ्यात पातळ कातडी पापणीची असते, साधारण अर्धा मिलिमीटर. डोक्याची आणि तळहाताची कातडी जाड असते. म्हणून डोक्याला लावलेल्या वस्तूचा त्रास डोक्याला होत नाही, तिथून ओघळून आलेल्या थेंबाचा त्रास पापणीला होतो. आणि पापणीला लावलेलं औषधही त्या पातळ कातडीतून भराभर आत शिरतं. पुढचं सगळं या दोन गोष्टींवर उभं आहे.

आधी मेडिकलमधल्या ट्यूबबद्दल. खाज म्हटलं की काउंटरवरचा मुलगा दाद-खाज-खुजलीची एक ट्यूब काढून देतो. तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरदार स्टिरॉइड असं तिन्ही मिसळलेलं असतं. स्टिरॉइडची नावं क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन अशी असतात. चिठ्ठीशिवाय अशा ट्यूब विकायच्या नाहीत असा नियम आहे, तरी त्या विकल्या जातात. पापणीला लावली की दोन दिवसांत खाज जाते, म्हणून माणसाला वाटतं औषध लागू पडलं. पण काही आठवडे लावत राहिलं तर कातडी आणखी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि औषध आत उतरून डोळ्यातला दाब वाढू शकतो. त्या वाढलेल्या दाबातून काचबिंदू होऊ शकतो. तो सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळतही नाही. मोतीबिंदूही लवकर होऊ शकतो. अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा निओमायसिन नावाचं जंतूंचं औषध असतं, आणि त्याचीच अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते. म्हणजे ज्याने बरं व्हायचं त्यानेच इसब चालू राहतं.

आमच्या वस्तीतल्या एका ताईंचं उदाहरण देते. वय छत्तीस, एका खानावळीत भांडी घासायचं काम. दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या दोन महिने लाल. त्यांनी अशीच मिश्र ट्यूब तीनदा घेतली होती. लावली की बरं, थांबवली की चौथ्या दिवशी आधीपेक्षा जास्त आग. मी त्यांना सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नेलं. डॉक्टरांनी ती ट्यूब बंद केली आणि आधी डोळ्यांचा दाब तपासायला पाठवलं. दाब ठीक निघाला. जोरदार स्टिरॉइड थांबवल्यावर आठ-दहा दिवस पापण्या जास्त लाल आणि गरम होतील, घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावू नका, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. तसंच झालं.

आता औषधाची निवड. पापणीसाठी दोन प्रकारची मलमं वापरतात. एक सौम्य स्टिरॉइड, म्हणजे एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन. दुसरं टॅक्रोलिमस. हे स्टिरॉइड नाही. अंगातल्या ज्या पेशी खवळून कातडीला सूज आणतात त्यांच्या आतल्या कॅल्सिन्युरिनचं काम ते थांबवतं, म्हणून या जातीला कॅल्सिन्युरिन रोखणारी औषधं म्हणतात. पिमेक्रोलिमस क्रीम त्याच जातीचं.

हायड्रोकॉर्टिसोनचा फायदा असा की ते स्वस्त आहे आणि दोन-तीन दिवसांत आराम देतं. इसब पहिल्यांदाच झालं असेल किंवा वर्षातून एखादवेळी होत असेल, तर हेच पुरे. सकाळ-संध्याकाळ पातळ थर, पाच ते सात दिवस, मग बंद. दोन्ही वरच्या पापण्यांना मिळून तांदळाच्या एका दाण्याएवढं मलम लागतं, त्याहून जास्त नाही. पापणीच्या केसांच्या मुळाशी लावायचं नाही, नाहीतर डोळ्यात जातं. सौम्य असलं तरी ते स्टिरॉइडच आहे, म्हणून सात दिवसांचे सतरा होऊ द्यायचे नाहीत.

एक महिना होत नाही तोच पुन्हा इसब आलं आणि पुन्हा हायड्रोकॉर्टिसोन लागलं, तर माझ्या मते टॅक्रोलिमसबद्दल डॉक्टरांना विचारायची वेळ झाली. घरात आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, किंवा आधी जोरदार ट्यूब लावून कातडी पातळ झाली असेल, तर पहिल्यापासूनच तेच बरं. त्याने कातडी पातळ होत नाही आणि डोळ्याचा दाब वाढत नाही. ते ०.०३ टक्के आणि ०.१ टक्के अशा दोन ताकदींत मिळतं. दोन ते पंधरा वर्षांच्या मुलांना ०.०३ टक्केच देतात. मोठ्यांना दोन्ही चालतात, पण पापणीसाठी बरेच डॉक्टर ०.०३ पासून सुरुवात करतात. दोन वर्षांखालच्या बाळाला लावायचं नाही. पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर आधी डॉक्टरांना सांगा.

त्याची अडचण म्हणजे ते महाग आहे, सावकाश काम करतं आणि सुरुवातीला झोंबतं. पहिले चार-पाच दिवस लावल्यावर आग होते, आणि बहुतेक बाया इथेच ट्यूब फेकून देतात. ही आग अ‍ॅलर्जीची नसते, आठवड्याभरात ती कमी होते. चेहरा धुतल्यावर कातडी पूर्ण कोरडी होऊ द्या, मग लावा, कारण ओल्या कातडीवर जास्त झोंबतं. ट्यूब फ्रीजमध्ये ठेवली तर गार मलमाने बरं वाटतं. औषध चालू असेपर्यंत उन्हात डोक्यावर पदर किंवा टोपी घ्या. आणखी एक, हे लावत असताना दारू प्यायलं तर काहींचा चेहरा लालभडक होतो.

ट्यूबसोबतच्या कागदावर कॅन्सरचा इशारा वाचून पुष्कळ जण घाबरतात. हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली छापायला लावला. प्राण्यांना मोठ्या प्रमाणात दिल्यावर दिसलेल्या गोष्टी आणि काही थोडे रुग्ण यांवरून तो आला. मलम लावल्यानेच कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी वर्षानुवर्षं रोज लावत बसायचं हे औषध नव्हे.

ताईंना ०.०३ टक्के टॅक्रोलिमस दिवसातून दोनदा दिलं. तिसऱ्या आठवड्यात पापण्या बऱ्याच स्वच्छ झाल्या. पण पूर्ण नाही, आणि मग आम्ही कारण शोधायला बसलो.

कॅलेंडरवर त्यांनी खाजेचे दिवस खुणा करून ठेवले होते. डोकं धुतात बुधवारी आणि रविवारी. खाज वाढते गुरुवारी-शुक्रवारी आणि सोमवारी-मंगळवारी. त्या म्हणाल्या, "हाच शाम्पू सहा वर्षं वापरते, आताच कसा काय बाधेल?" अ‍ॅलर्जीचं असंच असतं. वस्तू रोज वापरता वापरता अंग एक दिवस तिला ओळखून विरोध करायला लागतं. म्हणून नवीन वस्तूवरच संशय घेतला तर खरी वस्तू सुटून जाते. आणि त्रास लगेच होत नाही, एक ते तीन दिवसांनी होतो, हेही लक्षात राहत नाही.

शाम्पूत तीन गोष्टींवर नजर ठेवायची. सुगंध, फेस आणणारं कोकामिडोप्रोपिल बिटेन, आणि शाम्पू खराब होऊ नये म्हणून घातलेलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन. पाकिटावर ही नावं इंग्रजीत इतक्या बारीक अक्षरांत असतात की मोबाइलवर फोटो काढून मोठा केल्याशिवाय वाचता येत नाहीत. शिकणाऱ्या मुलीला वाचायला सांगा. "नैसर्गिक" किंवा "हर्बल" लिहिलंय म्हणून ती त्यात नसतात असं समजू नका.

शाम्पूशिवाय केसांचा काळा रंग आणि झटपट काळी मेहंदी यांत पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याने पापण्या फुगून डोळे मिटतात एवढा त्रास होऊ शकतो. नेलपॉलिशची गंमत अशी की नखाला काही होत नाही, पण बोट डोळ्याला लागतं आणि पापणी पेटते. काजळ, चेहऱ्याचं क्रीम हेही आहेच.

घरी शोधायची रीत सोपी आहे, फक्त धीर लागतो. तीन आठवडे शाम्पू, रंग, नेलपॉलिश, काजळ, क्रीम सगळं बंद. केसांना बिनवासाचा साधा साबण, पापणीला फक्त पांढरी व्हॅसलिन. पापणी शांत झाली की एकेक वस्तू दहा-दहा दिवसांच्या अंतराने परत आणा. दोन वस्तू एकदम आणल्या तर काहीच कळणार नाही. क्रीमसारखी अंगावर राहणारी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघता येते. शाम्पू आणि केसांचा रंग मात्र असा लावून ठेवू नका, त्याने कुणाचीही कातडी भाजेल.

खात्रीची तपासणी म्हणजे पॅच टेस्ट. पाठीवर वेगवेगळ्या रसायनांच्या छोट्या चकत्या चिकटवतात, दोन दिवस ठेवतात, पाठ भिजवायची नाही. काढल्यावर एकदा बघतात आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा बघतात. दुसऱ्यांदा जायचा कंटाळा करू नका, काही अ‍ॅलर्जी तेव्हाच दिसते. ताईंना पीपीडी निघालं नाही, मिथाइलआयसोथायाझोलिनोन निघालं.

शाम्पू बदलला. बुधवार-रविवारचा त्रास गेला, तरी थोडी लाली राहिलीच. मग खानावळीतल्या भांड्यांच्या लिक्विडची बाटली मागवून वाचली. तेच रसायन त्यातही होतं. हात जाड कातडीचे, त्यांना फार काही होत नव्हतं, पण कपाळावरचा घाम पुसताना तेच हात डोळ्यांवर जात होते. मालकाशी बोलून वडीचा साबण आणि हातमोजे घेतले. महिन्याभरात पापण्या साफ झाल्या. टॅक्रोलिमस हळूहळू कमी करून आठवड्यातून दोनदा केलं, मग बंद केलं. भिंतींच्या नव्या रंगातही हे रसायन असतं आणि ते हवेतून पापणीपर्यंत पोहोचतं, म्हणून दिवाळीत घर रंगवताना त्या चार-पाच दिवस बहिणीकडे राहायला गेल्या.

काही वेळा मात्र यातलं काहीच करत बसायचं नाही. एकाच बाजूच्या पापणीवर किंवा कपाळावर पाण्याचे फोड आले, डोळा आतून दुखतोय, उजेड सहन होत नाही, नजर धूसर झाली, किंवा तापासह पापणी गरम होऊन सुजली, तर कोणतीही ट्यूब न लावता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ते फोड नागिणीचे असू शकतात, आणि त्यावर स्टिरॉइड लावलं तर डोळा जाऊ शकतो.