सुटकेस, सुरकुत्या आणि वाफ

वादविवाद स्पर्धेसाठी आम्ही रेल्वेने 30 तासांचा प्रवास केला. रात्री सुटकेस उघडली, तर टेरीकॉटची पँट जवळजवळ जशीच्या तशी होती, लोकरी ब्लेझरच्या बाहीवर घडी पडली होती आणि सुती शर्ट पार चुरगळला होता. इस्त्री नव्हती.

मी बाथरूमचे दार लावून कढत पाण्याच्या दोन बादल्या भरल्या आणि दोन्ही कपडे 15 मिनिटे वाफेत टांगले. मग खोलीत हँगरवर वाळू दिले. सकाळी ब्लेझर सरळ झाला होता, शर्ट मात्र नाही.

असे का? लोकरीचा तंतू नागमोडी आणि लवचिक असतो. ओलाव्याने दुमडीतले बंध सुटले की तो आपोआप मूळ आकाराकडे येतो. सुताचे बंधही सुटतात, पण त्याला तशी उसळी नसते. त्याला इस्त्रीचा दाब लागतो. टेरीकॉटमधले पॉलिएस्टर ओलावा फारसा शोषत नाही, म्हणून ते कमी चुरगळते.

शेवटी मी शर्टाची कॉलर आणि बटणपट्टी ओली करून हाताने ताणली. बाकीचे ब्लेझरने झाकले. आता प्रवासात शर्टही टेरीकॉटचाच नेतो.