पागोळ्यांचे ध्वनिमुद्रण आणि त्याचा परवाना

व्हिडिओ तयार करणाऱ्यास दृश्याच्या पार्श्वभूमीसाठी पावसाचा, ओढ्याचा किंवा पहाटेच्या पाखरांचा आवाज हवा असतो. प्रत्येक वेळी त्यासाठी प्रवास करणे शक्य नसल्याने तो असा ध्वनी तयार स्वरूपात विकत घेतो. घेताना तो दोन गोष्टी पाहतो : ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे काय आणि वापराची परवानगी निःसंदिग्ध आहे काय. कोकणातील कौलारू घराच्या पागोळ्यांचे उदाहरण घेतल्यास या दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

जागा आणि वेळ

मोकळ्यावर मुद्रित केलेला मुसळधार पाऊस ऐकताना कढईत तळण चालल्यासारखा भासतो. पावसाला ओळख मिळते ती तो ज्यावर पडतो त्यामुळे. कौल, पत्रा आणि केळीचे पान यांवरील पाऊस निरनिराळा ऐकू येतो. म्हणून ध्वनिमुद्रक पडवीत, पागोळ्यांपासून दोन-तीन मीटर आत, तिपाईवर ठेवावा. फार जवळ ठेवल्यास एखादाच थेंब ठळक उमटतो आणि शिंतोडेही उडतात. वाऱ्याच्या झोतासाठी मायक्रोफोनवर केसाळ आवरण घालावे.

रस्त्यावरील रहदारी थांबलेली असते म्हणून मध्यरात्रीनंतरची वेळ सोयीची. त्यापूर्वी घरातील पंखे व फ्रिज बंद करावेत. त्यांची घरघर सवयीमुळे कानाला जाणवत नाही, मुद्रणात मात्र ती स्पष्ट उतरते. हेडफोन लावून मिनिटभर ऐकल्यास ती लगेच कळून येते.

यंत्राचा स्वतःचा आवाज

व्हिडिओसाठी सेकंदाला ४८,००० नमुने व २४ बिट या प्रमाणाने, वेव्ह स्वरूपात मुद्रण करण्याची रीत आहे. सर्वांत मोठा आवाज कमाल पातळीच्या सुमारे १२ डेसिबल खाली राहील अशा बेताने यंत्र लावावे. कमाल पातळी ओलांडली की आवाज फाटतो आणि तो पुढे नीट दुरुस्त होत नाही.

खरी कसोटी लागते ती पाऊस ओसरल्यावर. प्रत्येक ध्वनिमुद्रकात एक बारीक, अखंड सूं असा आवाज असतो. धो धो पावसात तो झाकला जातो. पागोळ्या थेंबाथेंबाने ठिबकू लागल्या की ग्रहणाची पातळी वाढवावी लागते आणि हा आवाजही वाढतो. दोन थेंबांमधील शांततेत सूं ऐकू आला, तर ध्वनिमुद्रक त्याच पातळीवर ठेवून गोधड्यांनी भरलेल्या बंद कपाटात चालवून पाहावा. तेथेही तसाच सूं आला, तर दोष यंत्राचा आहे असे समजावे. अशा वेळी मायक्रोफोन ठिबकेच्या जवळ न्यावा किंवा स्वतःचा आवाज १० डेसिबलपेक्षा कमी असलेला मायक्रोफोन वापरावा. संगणकावर हा सूं पुसता येतो. परंतु फार पुसल्यास थेंबाचा शेवट धातूसारखा थरथरतो. त्यापेक्षा पुन्हा मुद्रण करणे बरे.

किमान पाच मिनिटे सलग मुद्रण करून यंत्र हाताळल्याचे आवाज दोन्ही टोकांकडून कापावेत. मध्येच कुत्रे भुंकले असल्यास तो भागही वगळावा. व्हिडिओत हा ध्वनी पुन्हा पुन्हा जोडला जातो आणि तेच भुंकणे परत आले की ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते.

परवान्याच्या अटी

पावसावर कोणाची मालकी नाही. मालकी असते ती त्या मुद्रणावर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ज्याने पुढाकार व जबाबदारी घेऊन मुद्रण केले तो त्याचा निर्माता ठरतो. हा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. परंतु शेजारच्या ध्वनिक्षेपकावरील चित्रपटगीत मुद्रणात आले असेल, तर त्या गीताचा हक्क दुसऱ्यांचा असतो. त्याचा परवाना मुद्रण करणाऱ्यास देता येत नाही, म्हणून तो भाग काढून टाकावा.

परवाना लेखी असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर परवाना भारतापुरताच मानला जातो. समजा, एका निर्मात्याने पागोळ्यांचा ध्वनी माहितीपटात वापरला आणि तो माहितीपट इंटरनेटवर ठेवला. तो परदेशातही दिसणार आणि पाच वर्षांनंतरही राहणार. म्हणून ‘सर्व जगासाठी, हक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असे शब्द परवान्यात हवेत.

तोच ध्वनी इतरांनाही विकावयाचा असल्यास परवाना अनन्य नाही, असे स्पष्ट लिहावे. ध्वनी व्हिडिओत वापरता येईल, सुटा पुन्हा विकता येणार नाही, ही दुसरी अट. तिसरी अट नव्या काळातील आहे : खरेदीदाराने हा ध्वनी यूट्यूबच्या कंटेंट आयडी या ओळख-यंत्रणेत स्वतःच्या नावे नोंदवू नये. तशी नोंद झाल्यास त्याच पागोळ्या रीतसर विकत घेतलेल्या दुसऱ्या निर्मात्याच्या व्हिडिओवर हक्काचा दावा येऊ शकतो. अशा वेळी त्याला आपली बाजू मांडता येते ती हाती असलेल्या लेखी परवान्याच्या आधारे. त्यामुळे प्रत्येक विक्रीबरोबर ध्वनीचे नाव, मुद्रणाची तारीख व खरेदीदाराचे नाव असलेली परवान्याची प्रत द्यावी आणि मूळ, न कापलेले मुद्रण स्वतःजवळ जपून ठेवावे.