पंधरापैकी आठ

आपल्या कॉलेजच्या रस्ता सुरक्षा मंडळानं मला बोलायला थोडा वेळ दिला आहे. तुमच्यापैकी बरेच जण या सुट्टीत लर्निंग लायसनचा अर्ज भरणार आहेत. मी तो मागच्या वर्षी भरला. तेव्हापासून जे कळत गेलं, ते कागदावर आकडे घालून लिहून आणलं आहे.

१. हे भाषण समृद्धी महामार्गापासून सुरू करायचं असं मी ठरवलं होतं. बुलढाणा जिल्ह्यात रस्ता सुरक्षा म्हटलं की १ जुलै २०२३ ची रात्र आठवते. सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्यापाशी नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. मी पहिला परिच्छेद लिहून आईला वाचून दाखवला. ती ऐकून गप्प बसली, मग म्हणाली, "पण तुम्ही पोरं दुचाकीवालीच ना? तुम्हाला त्या रस्त्यावर जाऊ देतात का?" नाही देत. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. आपलं रोजचं जाणं-येणं चिखली रोडवर, मोताळ्याकडच्या घाटात आणि गावाकडून मोठ्या रस्त्याला मिळणाऱ्या पांदणीवर. त्या २५ जणांचं दुःख मोठं आहे. म्हणूनच ते माझ्या भाषणाची सुरुवात सजवायला वापरू नये असं वाटलं आणि मी तो परिच्छेद काढून टाकला.

२. नापास झाल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी अभ्यास केलाच नव्हता. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत १५ प्रश्न असतात, प्रत्येकाला पर्याय असतात, आणि किमान ९ बरोबर यावे लागतात. नियमच ६० टक्क्यांचा आहे. मला ८ मिळाले. आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर फिरते ती उत्तरांची यादी मी दोन रात्री पाठ केली होती. कोणत्या प्रश्नाला तिसरा पर्याय, कोणत्याला पहिला, असं. प्रत्यक्ष पडद्यावर पर्यायांचा क्रम वेगळा निघाला आणि माझ्या डोक्यात नुसते आकडे उरले. समोर चिन्ह होतं: निळ्या गोलावर लाल काठ आणि आत दोन लाल रेषांची फुली. मी 'नो पार्किंग' निवडलं. नो पार्किंगला एकच तिरपी रेष असते. फुलीचा अर्थ 'थांबूच नका' असा होतो, म्हणजे कोणाला उतरवण्यासाठीसुद्धा नाही. घरी येऊन याचा विचार केला, तेव्हा लक्षात आलं की चूक एका रेषेची नव्हती. गाडी उभी करून जाणं आणि क्षणभर थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच मी कधी मनात आणलं नव्हतं.

३. चिन्हं पाठ करायची नसतात, त्यांचं व्याकरण शिकायचं असतं. हे उशिरा कळलं आणि मग मजा येऊ लागली. आधी आकार पाहायचा, आतलं चित्र नंतर. गोल म्हणजे हुकूम. लाल काठाचा गोल सांगतो काय करू नका किंवा कोणती मर्यादा ओलांडू नका. पूर्ण निळा गोल सांगतो काय करायलाच हवं. टोक वर असलेला त्रिकोण इशारा देतो, की पुढे वळण आहे, शाळा आहे, अरुंद पूल आहे. निळा चौकोन नुसती माहिती देतो: दवाखाना, पेट्रोल पंप. एवढं बसलं की निम्म्याहून जास्त चिन्हं न पाठ करता वाचता येतात.

या व्याकरणाला दोन अपवाद आहेत आणि मी नेमकी त्यांतल्या एकावर घसरले. 'थांबा' अष्टकोनी असतं आणि 'वाट द्या' हा उलटा त्रिकोण, टोक खाली. मी त्रिकोण पाहिला आणि 'पुढे धोका' हे उत्तर दिलं. ही दोनच चिन्हं वेगळ्या आकाराची का, हा प्रश्न मी नंतर मंडळातल्या सरांना विचारला. ते म्हणाले, "पाटी धुळीनं भरली, वर कुणी वाढदिवसाचं पोस्टर चिकटवलं, तरी आकार उरतो. आणि मागून पाहिलं तरी तो ओळखू येतो." या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ अडकले. म्हणजे मी मोठ्या रस्त्यानं जात असेन आणि बाजूच्या रस्त्यावरच्या पाटीची नुसती पाठ दिसली, तरी आकारावरून कळतं की तिकडून येणाऱ्यानं मला वाट द्यायची आहे. तो देईलच असं नाही, म्हणून हात ब्रेकवर हवाच. पण काय व्हायला हवं हे मला माहीत असतं. मी मात्र आमच्या गावच्या रस्त्यावरून चिखली रोडला लागताना कितीदा तरी फक्त हॉर्न वाजवून सरळ घुसले आहे. हॉर्न दिला म्हणजे वाट मागितली आणि मिळाली, अशीच माझी समजूत होती.

४. ज्या प्रश्नाला मी सर्वांत निरुपयोगी समजले होते, तो घाटात भेटला. प्रश्न असा: तीव्र उतारावर अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर आधी कोणी जायचं? मी 'उतरणाऱ्यानं' हा पर्याय निवडला होता. उतरणाऱ्याला वेग असतो, त्याला अडवणं कठीण, असा माझा हिशोब. माझे मामा ट्रक चालवतात. त्यांना हे उत्तर सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, उलट गंभीर झाले. म्हणाले, "अवं बाई, उतरनाऱ्यानं थांबाव. चढनाऱ्याची भरेल गाडी एकदा थांबली का मंग उचलत नाही. उचलाले गेलं का मांगं सरकते." एका आठवड्यानं त्यांच्या शेजारी बसून राजूर घाट चढताना ते डोळ्यांनी पाहिलं. एका वळणाच्या अलीकडे बंद पडलेल्या टेम्पोनं अर्धा रस्ता अडवला होता. उरलेल्या अर्ध्यातून मामांचा ट्रक चढत होता, आणि वरून एक मोटारसायकल आली. तिच्यावर आपल्याच वयाची दोन पोरं. ती थांबली नाहीत, फटीतून निघून गेली. मामांना थांबावं लागलं. पुन्हा निघताना ट्रक हातभर मागे आला. मागे एक कार अगदी चिकटून उभी होती. ती वेळेत सावरली.

तो हातभर मी विसरू शकत नाही. त्या पोरांना कोणाचं वाईट करायचं नव्हतं. त्यांनाही तो प्रश्न निरुपयोगीच वाटला असेल. मामांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली: पेट्रोल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करून किंवा बंद करून उतरवू नका. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनही तिला मागे ओढून धरतं. गिअर सोडला की सगळा भार ब्रेकवर पडतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले की ते तापतात, आणि तापले की नीट धरत नाहीत. लिव्हर दाबूनही गाडी पूर्वीइतकी मंदावत नाही आणि जळका वास येतो, ही त्याची खूण. असं झालं तर शक्य तितक्या लवकर बाजूला थांबायचं आणि ब्रेक गार होऊ द्यायचे.

५. वेग म्हणजे काय हे मला मैदानावर चुन्यानं आखलेल्या रेषेनं शिकवलं. मंडळानं मागच्या महिन्यात टेपनं मोजून दोन अंतरं आखली. ताशी ३० किलोमीटरनं जाणाऱ्या माणसाला अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद लागतो असं धरलं, तर तेवढ्यात ८ मीटर जातात. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे ५ मीटर. एकूण १३. मग ६० चा वेग घेतला. मी मनात २६ धरले होते, वेग दुप्पट तर अंतर दुप्पट. सेकंदाचे १७ मीटर झाले, ते दुप्पटच. पण ब्रेकचं अंतर ५ चं २० झालं, चौपट. एकूण ३७ मीटर. ती रेषा आखायला आम्हाला मैदानावर चालत जावं लागलं आणि चालता चालता सगळे गप्प झालो. कापसाच्या हंगामात रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली समोर असते. डिपरच्या उजेडात ती दिसेपर्यंत बऱ्याचदा तेवढं अंतर उरलेलं नसतं. आणि ही सगळी मोजणी जागरूक माणसाची आहे. मोबाईलकडे दोन सेकंद पाहिलं, तर ३७ च्या आधी आणखी ३३ जोडायचे.

६. लर्निंग लायसन म्हणजे छोटं लायसन नव्हे. ही समजूत माझी होती, माझ्या भावाची होती, आणि हात वर करायला लावले तर या वर्गात निम्म्यांची निघेल. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो, पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. या काळात गाडीवर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा. पक्का परवाना असलेला शिकवणारा सोबत हवा. आणि दुचाकीवर त्या शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवायचं नाही. मैत्रिणीला लर्निंगवर ट्यूशनला सोडणं नियमात बसत नाही. अर्ज भरताना विनागिअर आणि गिअरची दुचाकी हे दोन वेगळे रकाने असतात तेही नीट पाहा. स्कूटीचा रकाना भरून भावाची मोटारसायकल चालवली, तर त्या गाडीपुरतं तुमच्याकडे लायसन नाहीच.

७. घरी बसून परीक्षा देताना शेजारी कोण बसलं आहे, हे मला माझ्याच घरात पाहावं लागलं. २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या मदतीनं ही परीक्षा घरून देता येते. तालुक्याहून बुलढाण्याला यायचं भाडं आणि बुडणारा दिवस वाचतो, ही मोठी सोय आहे. पण दुसऱ्या वेळी मी परीक्षेला बसले तेव्हा भाऊ उत्तरं सांगायला खुर्ची ओढून आला होता. प्रेमानं आला होता. मी त्याला बाहेर जायला सांगितलं आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला १४ आले. चुकलेला एक प्रश्न अपघातानंतर चालकानं काय करायचं याचा होता. जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं, हे मला येत होतं. कळवायची मुदत २४ तासांची, ती चुकली. भाऊ आत असता तर १५ आले असते आणि ती मुदत मला आजही माहीत नसती.

मंडळाच्या टेबलावर चिन्हांचा तक्ता आणि प्रश्नांच्या प्रती ठेवल्या आहेत. अर्ज भरण्याआधी एकदा या. मी तुम्हाला उत्तर विचारणार नाही, उत्तर तेच का आहे ते विचारीन. पहिला प्रश्न आत्ताच सांगून ठेवते, घरी जाताना वाटेत विचार करा: तुमच्या गावचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे कोणत्या आकाराची पाटी आहे, आणि नसेल तर तिथे कोणी कोणाला वाट द्यायची?