टीव्हीमागे रंग बदलणारे दिवे: आदिलाबादच्या घरात खर्च किती?

पडद्यावर समुद्र आला की मागची भिंत निळी, वणवा पेटला की नारिंगी. ही सोय फिलिप्सने २००४ मध्ये टीव्हीतच बसवून आणली. आता कोणत्याही टीव्हीमागे दिव्यांची पट्टी चिकटवून ती मिळते. मात्र पट्टी मागवण्याआधी एकच गोष्ट ठरवा: तुमच्या घरी चित्र येते कुठून?

कारण बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यात एचडीएमआय पेटी सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही यांच्या मध्ये बसते आणि केबलमधून जाणारे चित्र वाचते. रंग अचूक येतात, उशीरही जाणवत नाही. पण टीव्हीच्याच ॲपवर लावलेला सिनेमा त्या केबलमधून जातच नाही, मग दिवे त्याला साथ कशी देणार? दुसऱ्यात टीव्हीच्या कडेवर छोटा कॅमेरा बसतो आणि पडदाच पाहतो. चित्र कुठूनही येवो, तो चालतो. रंग मात्र थोडे ढोबळ येतात, आणि समोरची ट्यूबलाइट पडद्यावर चमकत असेल तर तो फसतो.

आदिलाबाद शहरातले एक घर धरू. ४३ इंची टीव्ही, मराठी मालिका डिशवर, सिनेमे टीव्हीच्या ॲपवर. इथे मी कॅमेऱ्याचीच पट्टी घेईन. ती ऑनलाइन साधारण चार ते दहा हजारांत मिळते. पेटीचा संच बहुधा त्याहून महाग पडतो, शिवाय ॲपसाठी वेगळी स्टिक घ्यावी लागते. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ उंच असतो. चारही बाजूंना मिळून तीन मीटर पट्टी पुरते. ५५ इंचासाठीची घेऊ नका. उरलेली पट्टी लोंबते, आणि अशा बऱ्याच पट्ट्या कापता येत नाहीत.

वीज टीव्हीच्या यूएसबीवरून घेण्याचा मोह टाळा. तो सॉकेट सहसा अर्धा ते एक अँपिअरच देतो. पांढरे दृश्य आले की पट्टी मंद होते किंवा लुकलुकते. सोबतचा ॲडॉप्टरच वापरा. सरासरी वीस वॅट आणि रोज तीन तास धरले तर महिन्याला दोन युनिटही जळत नाहीत. युनिटला दहा रुपये धरले तरी वीस रुपयांच्या आत.

खरा त्रास उन्हाळ्यात. टीव्हीची पाठ आणि खोली दोन्ही तापली की चिकटपट्टी सुटते. पाठ आधी स्पिरिटने पुसा, कोपऱ्यांना क्लिपा लावा. भिंत गडद हिरवी असेल तर लालही मळकट दिसेल. पांढरी किंवा फिकट राखाडी उत्तम.

पट्टी आली की परतीची मुदत संपण्याआधी तपासा. जोडणीच्या वेळी फोन २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर ठेवा. बऱ्याच पट्ट्यांना ५ चे वायफाय दिसतच नाही. मग डावीकडे लाल, उजवीकडे निळे असे चित्र लावा. रंग उलटे उमटले तर पट्टीच्या ॲपमध्ये दिशा बदला. बदलूनही उलटेच राहिले, तर पट्टी परत पाठवा.