उद्याच्या विजेचे गणित

आपल्या आदिलाबादची हवा टोकाची आहे. डिसेंबरात पहाटे शेकोटीपाशी बसून दात वाजतात, आणि मे महिन्यात पारा चव्वेचाळीस अंशांपलीकडे जातो. थंडीत पंखे निजलेले असतात. उन्हाळ्यात घरोघर पंखे आणि कूलर रात्रभर फिरतात. बटण दाबताच वीज येते, पण ती किती लागणार हे कोणीतरी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलेले असते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

तो आदल्या दिवशी का करावा लागतो? ज्वारी कणगीत भरून ठेवता येते. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अद्याप अवघड व खर्चाचे आहे. म्हणून ज्या क्षणी जेवढी लागते, त्या क्षणी जवळजवळ तेवढीच निर्माण करावी लागते. आपल्या देशातील विद्युत्‌जालात जनित्रांची गती अशी राखतात की विजेची दर सेकंदास 50 आवर्तने व्हावीत. मागणी एकाएकी घटली आणि निर्मिती तशीच राहिली, तर भार उतरलेल्या गाडीच्या बैलांप्रमाणे जनित्रे जोराने धावू लागतात व आवर्तने वाढतात. मागणी वाढली तर ती मंदावतात. हा तोल फार ढळला तर यंत्रे वाचविण्यासाठी ती आपोआप बंद पडतात, आणि प्रांतच्या प्रांत अंधारात बुडू शकतात.

आता अंदाजाची रीत पाहू. अंदाज करणारे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडतात व प्रत्येक भागाची मागणी वेगळी काढतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका उपकेंद्रावर मागील तीन मंगळवारी रात्री आठ वाजता 41, 42 आणि 43 मेगावॅट वीज लागली. सरासरी 42 झाली. मंगळवारच का घेतले? कारण रविवारी कचेऱ्या बंद असतात. सारख्याची तुलना सारख्याशीच करावी. त्या तीन दिवसांचे तापमान सरासरी 38 अंश होते. उद्या 41 अंश होईल असे वेधशाळा सांगते. जुन्या नोंदींवरून एक अंश उष्णता वाढली की एक मेगावॅट मागणी वाढते असे दिसले आहे. तेव्हा 42 मध्ये 3 मिळवून उद्याचा अंदाज 45 मेगावॅट. प्रत्यक्षात 46 लागली, तर चूक एका मेगावॅटची. एवढी चूक सावरण्याइतकी वीज हाताशी राखलेली असते.

या गणितात एक गोष्ट न लिहिता गृहीत धरली आहे. ज्या कारणांनी मागील मंगळवारी वीज लागली, तीच कारणे उद्याही असतील, असे आपण मानले. आकडे आपल्याला लोकांच्या सवयी सांगतात. सवयच मोडली तर आकड्यांना ते कसे कळणार?

अशी सवय मोडल्याचा मोठा प्रसंग सन 2020 मध्ये आला. करोनाच्या साथीमुळे 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. कारखाने, दुकाने व आगगाड्या थांबल्या आणि विजेची मागणी कोसळली. त्यातच पंतप्रधानांनी आवाहन केले की रविवार, 5 एप्रिल रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातील दिवे मालवून पणत्या लावाव्यात. विद्युत्‌जाल सांभाळणाऱ्या अभियंत्यांपुढे प्रश्न पडला : मागणी किती घटेल? मागील रविवार पाहावेत, तर टाळेबंदीतला रविवार एकच झाला होता, आणि त्या दिवशी कोणी एकाच वेळी दिवे मालवले नव्हते. म्हणून त्यांनी घरगुती दिव्यांना किती वीज लागते याचा हिशेब मांडला. तो 12 ते 14 हजार मेगावॅट आला.

प्रत्यक्षात काय झाले? लोकांनी नऊची वाट पाहिली नाही. पावणेनऊपासूनच मागणी उतरू लागली, आणि नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत ती तब्बल 31,089 मेगावॅटने घटली. अंदाजाच्या दुपटीहूनही अधिक! तरीही देश अंधारात गेला नाही, कारण अभियंत्यांनी आपल्या अंदाजावर पूर्ण भरवसा ठेवला नव्हता. कोळशावरील जनित्रांची निर्मिती झटपट कमीजास्त करता येत नाही. धरणावरील जनित्रांची मात्र पाण्याची वाट आवळून काही मिनिटांत करता येते. म्हणून त्यांनी कोळशाची वीज आधीच उतरवून जलविद्युत् चढवून ठेवली होती. पावणेनऊला ती सुमारे 25,500 मेगावॅट होती. पंचवीस मिनिटांत ती सुमारे 8,000 वर आणली, आणि दिवे लागताच पुन्हा वाढविली. त्या वेळात आवर्तने 49.7 आणि 50.26 यांच्या दरम्यान राहिली. अंदाज चुकला, पण चुकीसाठी राखलेली जागा पुरेशी ठरली.

धक्का ओसरल्यावरही गणिताची अडचण संपत नाही. एप्रिल 2020 मध्ये देशाचा वीजवापर आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा पंचमांशाहून अधिक घटला होता. एप्रिल 2021 ची तुलना त्याच्याशी केली, तर वापर एका वर्षात तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढलेला दिसतो. तीच तुलना 2019 शी केली तर वाढ माफक निघते. येथे आजारी वर्ष बाजूस ठेवून त्याआधीच्या वर्षाकडे जाणे योग्य.

परंतु प्रत्येक धक्का असा परतून जाणारा नसतो. 1 जानेवारी 2018 पासून तेलंगणात शेतीला चोवीस तास वीज मिळू लागली. त्याआधी ठरावीक तासांतच पंप चालत. आता ते कोणत्याही वेळी चालू शकतात. अशा बदलानंतर जुन्या वर्षांच्या तासवार नोंदी बाजूस ठेवून नव्याच जमवाव्या लागतात. म्हणजे एका धक्क्यात नवे आकडे टाकावयाचे, तर दुसऱ्यात जुने. कोणते टाकावेत हे आकडे सांगत नाहीत. कारण विचारावे लागते, आणि ते कारण परत जाणारे आहे की राहणारे, हे ठरवावे लागते.

मग सवय मोडली हे ओळखावे कसे? चुकांची वही ठेवावी. आज एक मेगावॅट जास्त, उद्या एक कमी, अशा दोन्ही बाजूंच्या चुका असतील तर रीत ठीक आहे. सलग सात-आठ दिवस चूक एकाच बाजूची येत असेल, तर मागे काही कारण बदलले आहे असे समजावे.

विद्यार्थिमित्रांनो, हा प्रयोग घरीही करता येईल. रोज सायंकाळी सात वाजता विजेच्या मीटरचा आकडा लिहा. तीन आठवडे झाल्यावर चौथ्या आठवड्याच्या प्रत्येक वाराचा अंदाज आधी मांडा, मग प्रत्यक्ष वापर व चूक लिहा. चूक मोठी आली की आईला किंवा आजीला विचारा : त्या दिवशी पाहुणे आले होते, पाऊस पडला होता, की घरात नवा कूलर आला? पाहुणे परत जातील, कूलर राहील. त्यावरून वहीतील कोणती पाने पुढच्या हिशेबात घ्यावयाची, ते तुम्हीच ठरवा.