आवाहन खरं, खातं खोटं

पावसाळ्यात मोऱ्यात पैसा आटतो. जूनपासून मासेमारी बंद, होड्या शाकारून ठेवलेल्या, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत घर चालतं ते साठवणीवर नाहीतर उसनवारीवर. तरी याच दिवसांत फोनवर कुणाच्या उपचारासाठी मदतीचं आवाहन आलं, की आमच्या कोळीवाड्यातून पाचशे-हजार निघतातच. गेल्या पावसाळ्यात असंच एक आवाहन माझ्याकडे आलं. विशीतला मुलगा, उरण-पनवेल रस्त्यावर कंटेनरने दुचाकीला धडक दिली, डोक्याला मार, नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात व्हेंटिलेटरवर, खर्च बारा लाख. खाली मुलाचा नळ्या लावलेला फोटो, एका पत्राचा अर्धवट फोटो, क्यूआर कोड आणि एक मोबाइल नंबर. पाठवणारा माझा सख्खा भाचा. त्याचं म्हणणं, मामा, तू मच्छीमार संस्थेच्या ग्रुपवर टाक, तुझ्या शब्दावर लोक देतील.

माझा शब्द चालतो त्याला कारण आहे. निवृत्त होईपर्यंत मी मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून मुंबईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात बिलिंग काउंटरवर बसत होतो. डिपॉझिट, अंदाजपत्रक, डिस्चार्जचं बिल हेच काम. ओहोटीला गाळामुळे लाँच रखडली तर उशीर व्हायचा, पण काउंटरवर बसलं की समोर एकच प्रश्न असायचा: या पेशंटच्या नावावर पैसे आले का? तो प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही. म्हणून ग्रुपवर टाकण्याआधी मी आवाहनातल्या नंबरवर एक संदेश पाठवला. तो जसाच्या तसा देतो, कारण पुढे अनेकांनी तो माझ्याकडून मागून घेतला.

“नमस्कार. मी मोऱ्याहून. आपल्या मुलाबद्दलचं आवाहन मिळालं, वाचून वाईट वाटलं. आमच्या गावच्या ग्रुपवर ते टाकायचं आहे, लोक नक्की मदत करतील. तिथे मला प्रश्न विचारले जातील, त्यांची उत्तरं माझ्याकडे असावीत म्हणून थोडी माहिती द्याल का? रुग्णालयाचं नाव आणि पेशंटचा यूएचआयडी किंवा आयपी नंबर. खर्चाच्या अंदाजपत्रकाचा पूर्ण, तारीख दिसेल असा फोटो. पैसे ज्यांच्या खात्यात जाणार ते पेशंटचे कोण? आणि आतापर्यंत किती जमले, किती हवेत? घाई नाही, वेळ मिळेल तेव्हा कळवा. रुग्णालयात कुणाला भेटायला, धावपळीला माणूस हवा असेल तर तेही सांगा.”

भाच्याने हे वाचलं आणि तो चिडला. “मामा, पोरगा व्हेंटिलेटरवर हाय आन् तू कागद काय मागतस?” त्याचा राग मला कळतो. पण मी कागद मुलाच्या आईकडे मागितले नव्हते. आवाहन चालवणाऱ्याकडे मागितले होते. आवाहन चालवणं हे एक काम आहे, आणि ते करणाऱ्याला असे प्रश्न येणारच.

उत्तर मिनिटाभरात आलं. “सर, डॉक्टर थांबलेत, आजच भरायचे आहेत, जमेल तेवढे पाठवा.” सोबत तोच अर्धवट फोटो पुन्हा. एकाही प्रश्नाला उत्तर नाही. आता मी क्यूआर कोड स्कॅन केला, पैसे न भरता. यूपीआयमध्ये पिन टाकण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं. जे नाव आलं त्याचा मुलाच्या आडनावाशी काही संबंध नव्हता. हेही मी विचारलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

इथे बहुतेक लोक म्हणतील, झालं, फसवणूक, डिलीट करा. तिथेच चूक होते. नाव जुळत नाही एवढ्यावर आजारी माणूस खोटा ठरत नाही. कधी खातं मेहुण्याचं असतं, कधी मित्राचं, कारण घरच्यांकडे यूपीआयच नसतं. मी भाच्याला विचारलं, तुला हे कुणी पाठवलं? त्याने त्याच्या मित्राला विचारलं, मित्राने आणखी कुणाला. असं मागे मागे जात रात्री आम्ही मुलाच्या काकांपर्यंत पोहोचलो. काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पाठवलं. फोटो रुग्णालयाच्या बाकावर ठेवून काढलेला, तिरका, त्यावर नळीच्या दिव्याची चकाकी. पण पूर्ण. वर रुग्णालयाचं नाव, तारीख, यूएचआयडी, खाली सही-शिक्का. मुलगा खरा होता, अपघात खरा होता, बारा लाखही खरे होते. काकांनी मूळ संदेशात मुलाच्या बापाचा क्यूआर दिला होता. मधल्या कुणीतरी तो काढून स्वतःचा लावला, नंबर बदलला आणि अंदाजपत्रकाचा यूएचआयडी असलेला वरचा भाग कापून टाकला. “त्या नावाचं आमच्यात कोणीच नाही,” काका एवढंच म्हणाले आणि बराच वेळ गप्प राहिले.

ज्याला मुलगा सांभाळायचा आहे त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, त्याचे फोटो वाईट येतात, तो मधेच आयसीयूच्या बाहेरून हाक आली म्हणून फोन ठेवतो. लगेच, गोड आणि नेमकं “आजच” म्हणणारा माणूस मला जास्त खटकतो. हा नियम नाही, माझा अंदाज आहे.

अंदाजपत्रक म्हणजे काय तेही सांगायला हवं, कारण त्यावरून लोक उलट्या बाजूने चुकतात. ते बिल नसतं. डोक्याच्या मारासारख्या केसमध्ये आयसीयूचे अमुक दिवस, ऑपरेशन, व्हेंटिलेटर, औषधं आणि साहित्य असं धरून रुग्णालय एक आकडा देतं आणि खाली लिहितं की प्रत्यक्ष खर्च कमी-जास्त होऊ शकतो. दिवस वाढले की आकडा वाढतो. शिवाय घरच्यांना बाहेरून आणायची औषधं, पुढची फिजिओथेरपी, कमावता माणूस घरी बसलेला, हे त्या कागदावर नसतं. त्यामुळे कागदावर नऊ लाख आणि आवाहनात बारा, एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका. फरक का आहे ते विचारा. खरा माणूस सांगतो. आमच्या काकांकडे तर कागदावरचा आकडा आणि आवाहन जुळत होतं, गोंधळ फक्त खात्याचा होता.

कागद मिळाला की तो पडताळायचा कसा? आवाहनातल्या नंबरवर नाही. रुग्णालयाच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून बिलिंगला फोन करायचा. पेशंटला काय झालंय, वाचेल का, हे विचारायचं नाही. काउंटरवरचा माणूस ते सांगणार नाही आणि सांगूही नये. विचारायचं इतकंच, “या यूएचआयडीवर बाहेरच्या माणसाला डिपॉझिट भरता येईल का?” मी काउंटरवर असताना असा फोन आला की आम्ही नंबर तपासायचो, नाव जुळतं का तेवढं सांगायचो आणि पैसे कसे भरायचे ते कळवायचो. रुग्णालयाच्या खात्यात थेट पेशंटच्या नावे पैसे जमा झाले, की मधला क्यूआर बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. देणाऱ्याला पावती मिळते. घरच्यांना औषधपाण्यासाठी हातात रोख हवी असते, ती वेगळी द्या, पण मोठी रक्कम काउंटरवर जाऊ द्या. आमच्या ग्रुपवर शेवटी मी तेच लिहिलं, काकांच्या परवानगीने.

मिलाप, केटो किंवा इम्पॅक्टगुरू यांसारख्या ठिकाणी आवाहन असेल तर फॉरवर्ड झालेला क्यूआर सोडून द्या. त्यांची साइट स्वतः उघडा, पेशंटचं पान शोधा, कागद आणि अपडेट्स बघा, तिथूनच पैसे द्या. देताना रकमेत त्या कंपनीसाठीची ‘टिप’ आधीच धरलेली असते, ती कमी करता येते. ती द्यायची की नाही हे तुमचं, पण माहीत असावं.

तारीख बघण्याला माझ्या मते सगळ्यात जास्त किंमत आहे. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतल्या काही महिन्यांच्या बाळाच्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीवरच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनी पैसे जमवले, केंद्राने त्यावरचा सुमारे सहा कोटींचा कर माफ केला, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत इंजेक्शन दिलं गेलं. आईवडील प्रत्येक टप्पा जाहीर सांगत होते, म्हणून कुणालाही कळू शकत होतं की आता गरज संपली. आपल्या गावातल्या आवाहनांना असा शेवट कुणी लिहीत नाही. पेशंट घरी येतो किंवा जातो, आणि संदेश फिरतच राहतो. म्हणून पुढे पाठवताना वर स्वतःची एक ओळ लिहा: अमुक तारखेला काकांशी बोललो, एवढी रक्कम बाकी. गरज संपली की तेही टाका.

सरकारी योजनेचं विचारलं तर लोकांना वाटतं आपण टाळतोय. उलट आहे. मे २०२५ पासून मोटार अपघातातल्या जखमीला केंद्राच्या योजनेत, नेमलेल्या रुग्णालयात, अपघातानंतरचे पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळू शकतो. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला चालतो. काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी विचारलं म्हणून ते रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे गेले आणि बिलातला काही भाग उतरला. हे विचारताना “का नाही केलं?” असं म्हणू नका. “केलंय का, नसेल तर मी चौकशी करू?” असं म्हणा.

आणि काय मागू नये तेही सांगतो. आधार कार्ड नको, संपूर्ण वैद्यकीय अहवाल नको, मुलाचा नळ्यांचा आणखी फोटो तर अजिबात नको. प्रश्न ग्रुपवर नको, खासगीत. ग्रुपवर “खरं आहे का हे?” असं लिहिलं की दहा जण “फेक” म्हणतात, आणि ते आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बापाच्या फोनवर पोहोचतं.

आमच्या शेजारच्या वाड्यातल्या काहींनी माझ्या संदेशाआधीच त्या दुसऱ्या क्यूआरवर पैसे टाकले होते. त्यांना १९३० वर फोन करायला लावला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. पैसे अजून परत आलेले नाहीत. तुमच्या बाबतीत असं झालं तर उद्या बघू म्हणू नका. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवून लगेच १९३० लावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली तरच ते गोठवता येतात.